एका ताटाचा संसार

संसाराचा गाडा दोन चाकांवर चालतो, असे लग्नातल्या प्रत्येक भाषणात सांगतात. एका चाकाच्या गाड्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक तसाही गाडा असतो. कुठल्याही बांधकामावर जाऊन पाहा. एकच चाक असलेल्या गाडीत विटा नि रेती भरून कोणीतरी ती फळीवरून वर चढवीत असते. गाडी चालते, मालही पोचतो. फरक इतकाच, की तोल सांभाळण्याचे काम तिथे चाकाकडे नसते, ढकलणाऱ्याच्या मनगटांकडे असते.

मी गेली अकरा वर्षे नागपुरात अशी गाडी ढकलते आहे. इतवारीतल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्रिमूर्तीनगरात भाड्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहते, आणि महिन्याला ३१,००० रुपये हातात पडतात. वय शेहेचाळीस. लग्न केले नाही. का केले नाही, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांना तो महत्त्वाचा वाटतो त्यांनी आमच्या पेढीवर यावे, तिथे त्यावर रोज चर्चा होते.

माझी पुण्याची वहिनी दिवाळीला भेटली की एक वाक्य ठरलेले असते. "वन्सं, तुम्हाला काय, एकट्या जिवाला खर्च तो कितीसा!" वहिनी मनाने फार चांगली आहे आणि तिचे गणितही वरकरणी बरोबर आहे. चार माणसांच्या घराला साठ हजार लागत असतील, तर एका माणसाला पंधरा पुरावेत. त्रैराशिक आपण सगळेच शाळेत शिकलो. पण घर हे त्रैराशिकाने चालत नाही. घराला माणसे मोजता येत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला खर्चाची दोन खाती दिसतात. एक खाते पोटाचे. मी दोन दिवस वर्ध्याला बहिणीकडे गेले, की ते खाते थांबते. दुसरे खाते घराचे. मी घरात आहे की नाही, आजारी आहे की धडधाकट, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. माझ्या वहीत या दुसऱ्या खात्यावर महिन्याला काय पडते ते सांगते. भाडे ९,५००. इमारतीची देखभाल, म्हणजे चौकीदार, पाणी आणि जिन्यातले दिवे, ८००. वीज वर्षभराची सरासरी काढून ८५०. गॅस २५०, कारण नऊशे रुपयांच्या घरातले सिलिंडर मला साडेतीन महिने जाते. फोन आणि इंटरनेट ७५०. धुण्याभांड्याच्या बाईंना १,२००. आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाचा असतो, पण तो बाराने भागून ९००. आणि वर्षातून एकदाच उगवणाऱ्या खर्चांसाठी, म्हणजे कराराची नोंदणी, कूलरच्या नव्या ताट्या, नळाची दुरुस्ती, यांसाठी ४००. बेरीज १४,६५०. पगाराचा जवळजवळ अर्धा भाग, आणि अजून मी जेवायला बसलेलेच नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपे राहते. फ्लॅट तेवढाच, भाडेही तेवढेच. दोघेही नोकरी करतात. त्यांचे विम्याचे, गॅसचे, विजेचे आकडे थोडे चढतात, तरी घराचे खाते अठरा हजारांच्या पुढे जात नाही. ते दोघांत वाटले, की माणशी नऊ हजार. म्हणजे त्याच भिंती, तोच जिना आणि तेच नळाचे पाणी यांसाठी मी दर महिन्याला त्यांच्यातल्या एकापेक्षा साडेपाच हजारांहून अधिक देते. युरोपातल्या संख्याशास्त्रज्ञांनी घरे मोजण्यासाठी एक पट्टी केली आहे. घरातल्या पहिल्या प्रौढ माणसाला ते एक धरतात, दुसऱ्याला अर्धा. म्हणजे एकट्याचे जे ३१,००० मध्ये भागते, ते दोघांना साडेशेहेचाळीस हजारांत भागवता येते. बासष्ट हजार लागत नाहीत. वहिनीच्या त्रैराशिकाला इतके सभ्य उत्तर मला दुसरे सापडले नाही.

तेव्हा एकट्या माणसाने काटकसर कुठे करायची, हा प्रश्न आपोआप सुटतो. चहातली साखर कमी करून काही होत नाही. घराचे खाते वर्षातून एकदा, घर घेताना आणि करार करताना ठरते. नंतर बाराही महिने ते आपल्याला ठरवते. म्हणून घर पाहायला जाताना मी भाड्याचा आकडा सर्वांत शेवटी विचारते. आधी विजेचा मीटर कुठे आहे ते विचारते.

यात एक गंमत आहे. वीजकंपनीच्या दरात पायऱ्या असतात. पहिली शंभर युनिटे स्वस्त; एकशे एकापासून तीनशेपर्यंतच्या युनिटाला साधारण दुप्पट दर, आणि पुढे आणखी चढता. आकडे वरचेवर बदलतात, पायऱ्या मात्र तशाच राहिल्या आहेत. या पायऱ्या माणशी नसतात, मीटरमागे असतात. पाच माणसांच्या घरालाही स्वस्त युनिटे शंभरच आणि मलाही शंभरच. अख्ख्या संसारशास्त्रात एकट्या माणसाला झुकते माप मिळते ते एवढ्या एकाच ठिकाणी. मात्र त्यासाठी मीटर स्वतंत्र हवा. दोन वर्षांपूर्वी मी एक जागा पाहिली. भाडे हजाराने कमी नव्हते, पण सातशेंनी होते. घरमालक काका खाली राहत, मीटर सगळ्या घराचा एकच, आणि वरच्या खोल्यांना एक छोटा पोटमीटर बसवलेला. "युनिटला तेरा रुपये द्या ताई, एकदम सोपा हिशेब," ते म्हणाले. हिशेब सोपा खराच होता. हिवाळ्यात मला सत्तर-ऐंशी युनिटे लागतात. ऐंशीला तेराने गुणले की १,०४०. तेवढीच युनिटे स्वतःच्या मीटरवर जाळली, तर स्थिर आकार आणि वीजशुल्क धरूनही बिल सातशेच्या आसपास येते. उन्हाळ्यात एकशेचाळीस युनिटे झाली की पोटमीटरवर १,८२०, स्वतःच्या मीटरवर चौदाशे. म्हणजे वाचणाऱ्या सातशेंपैकी निम्मे विजेच्या तारेतून परत जाणार होते. उरलेल्या साडेतीनशेंसाठी सामान हलवायचे का, एवढाच प्रश्न राहिला.

आणि सामान हलवण्याची किंमत लोक धरतच नाहीत. दलालाला एक महिन्याचे भाडे, ट्रक आणि हमाल मिळून चारेक हजार, पंखे-दिवे काढून बसवण्याचे, पडदे नव्या खिडक्यांच्या मापाचे करण्याचे. पंधरा हजार कुठेच जात नाहीत. दोघे असले तर एक जण रजा काढतो. एकटीला रजाही आपलीच खर्चावी लागते. मागच्या कराराच्या वेळी माझ्या घरमालकांनी भाडे नऊ हजारांवरून साडेनऊ केले. मैत्रीण म्हणाली, "सोडून दे घर, माजलेत हे लोक." मी कागदावर मांडून पाहिले. अकरा महिन्यांचे पाचशे म्हणजे साडेपाच हजार. घर बदलणे पंधरा हजार. पाचशे वाढवून दिले आणि चहाही पाजला.

करार मात्र मी नोंदवूनच घेते. आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. खर्च फार नाही. माझे अकरा महिन्यांचे भाडे १,०४,५००. त्यात वीस हजारांच्या अनामतीवरचे दहा टक्क्यांनी धरलेले व्याज मिळवायचे आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांकशुल्क भरायचे. ते तीनशेच्या आत बसते. शहरात नोंदणीशुल्क हजार रुपये. बाकी एजंटाचे. दोघांच्या करारालाही हेच शुल्क. सरकारसुद्धा घर मोजते, डोकी मोजत नाही.

आता पोटाच्या खात्याकडे वळू. हे खाते माझे असते सहा हजारांचे, आणि ते एका जिवाला जास्त वाटते हे मलाही मान्य आहे. पण बाजारातली मापे कुटुंबासाठी केलेली आहेत. आमच्या बुधवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशी मला पाहिल्याबरोबर म्हणतात, "आल्या ताई! पावभर घेतील अन् किलोभर निवडतील." पावभरापेक्षा कमी द्यायला त्या तयार नसतात, आणि त्यांचेही बरोबर आहे. पावभर भेंडी मला दोन वेळा होते. तीन भाज्या घेतल्या की सहा जेवणांची सोय झाली. पण दुपारी पेढीवर कोणीतरी पाटोडी आणते, संध्याकाळी कोणाकडे वडाभात असतो, आणि तिसरी भाजी शुक्रवारी मान टाकते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या सांबाराची दहा रुपयांची जुडी एकट्या माणसाने संपवून दाखवावी, मी तिचा सत्कार करीन.

किराण्याचेही तेच. पाच किलोंची पिशवी घेतली तर दर कमी, पण जुलै-ऑगस्टच्या ओलीत रव्यात आणि डाळीत किडे होतात. एक किलो घेतला तर किडे नाहीत, पण दर जास्त. एकटा माणूस पैसे देतोच. एक तर दुकानदाराला देतो, नाही तर किड्यांना. मी याची सरळ वाटणी केली आहे. जे टिकते ते मोठे घ्यायचे: साखर, मीठ, साबण. जे बिघडते ते लहान घ्यायचे आणि जास्त दर निमूटपणे द्यायचा: पीठ, रवा, मसाले. भाज्या एका वेळी दोनच. टाकून दिलेल्या वस्तूंचा मी वहीत वेगळा रकाना ठेवते. तो महिन्याला दोनशेच्या वर गेला, की समजते, आपण कोणा दुसऱ्याच्या घरासाठी बाजार करतो आहोत.

प्रवास, कपडे, औषधे आणि सणवार यांचे मिळून आणखी ३,७०० जातात. सगळा खर्च २४,३५०. हातात उरतात ६,६५०. वाचकांना वाटेल, हे तर बरेच उरले! मलाही पहिल्या तारखेला तसेच वाटते. पण या शिलकीचे खरे नाव शिलक नाही. ते माझे दुसरे चाक आहे.

खालच्या जोडप्याचे घ्या. त्यातल्या एकाची नोकरी उद्या गेली, तर दुसऱ्याच्या पगारात घराचे अठरा हजार निघतात. वर डाळभातापुरते उरते. त्यांच्या घरात नोकरी गेल्याने चिंता येईल, अंधार येणार नाही. माझा पगार थांबला तर सगळाच थांबतो, शून्यावर. म्हणून किती राखून ठेवायचे याचे माप मी पगारावरून काढीत नाही. घर नुसते उभे ठेवायला काय लागते त्यावरून काढते. घराच्या खात्याचे १४,६५० आणि साधे जेवण ४,३५०, असे बरोबर १९,०००. याला मी 'कोरडा महिना' म्हणते. त्यात साडी नाही, सिनेमा नाही, आहेर नाही. असे सहा कोरडे महिने म्हणजे १,१४,०००. दोन पगारांच्या घराला तीन महिन्यांची बेगमी पुरत असेल, तर एका पगाराच्या घराला सहा हव्यात. कारण माझ्या वयाच्या हिशेबनीस बाईला दुसरी पेढी मिळायला एवढा वेळ सहज लागतो.

या बेगमीची परीक्षा २०२३ च्या सप्टेंबरात झाली. मला डेंग्यू झाला. पाच दिवस रुग्णालय आणि पुढे अशक्तपणा, असे एकूण बावीस दिवस. रुग्णालयाचे बिल विम्याने दिले, पण हातमोजे, सुया, कागदपत्रे अशा विम्यात न बसणाऱ्या गोष्टींचे ३,४०० माझ्याकडे आले. नंतरच्या तपासण्या आणि औषधे २,१००. चौदा दिवसांचा दोन वेळचा डबा २,२४०. रिक्षा ९००. धुण्याभांड्याच्या बाई जास्त वेळ थांबल्या, पेज करून दिली, रात्री एकदा डोकावून गेल्या, त्याचे १,२००. ते त्या घेत नव्हत्या, मी दिले. शिल्लक रजा बारा दिवसांची होती, उरलेल्या दहा दिवसांचा पगार कापला गेला, १०,३००. एकूण वीस हजार. एका कोरड्या महिन्याहून थोडेसेच जास्त.

या यादीकडे नीट पाहा. डबा, रिक्षा, पेज, डोकावून जाणे; भरल्या घरात या गोष्टींना किंमत नसते, म्हणजे त्या कोणत्याच वहीत चढत नाहीत. घरातली कोणी बाई त्या करून टाकते. एकट्या माणसाला त्या विकत घ्याव्या लागतात. आरोग्यविमा डॉक्टरचे पैसे देतो, पेज करणाऱ्या हातांचे देत नाही. म्हणून आजारपणासाठी वेगळी रक्कम हवी, आणि ती विम्याखेरीज हवी.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. दाखल होताना पंधरा हजारांची अनामत मागितली गेली, कारण विम्याची मंजुरी यायला एक दिवस लागणार होता. बँकेत पैसे होते. पण एकशेतीन ताप असलेली बाई बँकेत कशी जाणार? माझी बहीण वर्ध्याहून दोन तासांत आली. तिला कपाटातले एक पाकीट माहीत होते. त्यात विम्याच्या कागदाची प्रत, डॉक्टरांचा आणि पेढीचा फोन, आणि पंधरा हजार रोख ठेवलेले होते. तिने ते उचलले आणि काम झाले. पैसे असणे वेगळे आणि ते तापात हाताशी असणे वेगळे. म्हणून बेगमीचे तीन भाग हवेत: थोडे पाकिटात, एका महिन्याचे बचतखात्यात, आणि बाकीचे बँकेच्या वीस-वीस हजारांच्या वेगवेगळ्या ठेवींत. एक ठेव मोडली तर बाकीच्या तशाच राहतात. आणि ते पाकीट कुठे आहे हे आपल्याशिवाय एका तरी माणसाला ठाऊक हवे. एकटे राहणे म्हणजे कोणालाच काही न सांगणे, असे नव्हे.

आमच्या पेढीवरची एक तरुण मुलगी मला विचारते, "ताई, त्यापेक्षा तुम्ही एखाद्या वसतिगृहात का नाही राहत? जेवणासकट आठ हजारांत होईल." तिचा हिशेब बिनचूक आहे. विमा आणि फोन धरूनही माझे महिन्याला अकरा हजार वाचतील. एवढ्या पैशात मी काय विकत घेते, हे मी तिला सांगू शकले. रात्री दहा वाजता दिवा लावून वाचता येते, बहीण आली तर तिला चार दिवस ठेवून घेता येते, आणि ताप आला तर दार उघडायचे की नाही हे आपणच ठरवता येते. किंमत माहीत असून घेतलेली वस्तू महाग नसते. किंमत न विचारता घेतलेली मात्र स्वस्तातही महाग पडते.

पण एका आकड्यापुढे माझेही पेन थांबते. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेढी मला निरोप देईल. अजून बारा वर्षे आहेत. भाडे वर्षाला पाचच टक्क्यांनी वाढले, तरी तेव्हा या फ्लॅटचे सतरा हजार झालेले असतील. बेगमी आता पुन्हा भरली आहे, म्हणून ते ६,६५० सगळेच्या सगळे मी सार्वजनिक भविष्यनिधीत घालते. व्याज सात टक्के धरले तर बारा वर्षांत चौदा लाख होतात. सतरा हजारांच्या भाड्याने त्यांना भागले, की सात वर्षे निघतात. म्हणजे पासष्टीपर्यंत डोक्यावर छप्पर आहे. पेढीचा भविष्यनिर्वाह निधी आहे, तो जेवायला लागेल. पासष्टीनंतरचे काय, याचे उत्तर वहीत नाही. वर्ध्याला भाडी अजून निम्म्याने आहेत आणि बहिणीच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली दर दोन वर्षांनी रिकामी होते, एवढेच मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. शाईने लिहायला आणखी काही वर्षे जावी लागतील. पण मधल्या प्रत्येक पगारवाढीतला निम्मा भाग त्या समासाकडे वळवायचा, हे यंदाच्या पाडव्यालाच शाईने लिहिले.